हेल्थ चेकअपचा रिमाइंडर मेसेज

हेल्थ चेकअपचा रिमाइंडर म्हणजे क्लिनिक किंवा लॅबकडून चेकअपच्या आदल्या दिवशी येणारा मेसेज. कधी एसएमएस येतो, आता जास्त करून व्हॉट्सअॅपवर येतो आणि काही ठिकाणी रिसेप्शनवरची ताई फोनच करते. त्यात तारीख, पोचायची वेळ, किती तास उपाशी राहायचं आणि सोबत काय आणायचं एवढं असतं. चार ओळींचा मामला, पण सकाळी काउंटरवर जी वादावादी होते ती बहुतेक वेळा यातल्या एकाच ओळीवरून होते, ती म्हणजे "१०-१२ तास फास्टिंग". म्हणून या नोंदीत बाकीचं थोडक्यात आणि त्या ओळीबद्दल जास्त.

फास्टिंग म्हणजे उपवास नाही. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण पुण्यात कुठल्याही लॅबमध्ये सकाळी सातला जाऊन बसा, एक तरी आजी सांगतात की उपवासच आहे हो माझा, फक्त चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी. आपल्याकडे उपवासाला चहा, दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू सगळं चालतं. लॅबला हवं असतं ते उपाशीपोट, म्हणजे साध्या पाण्याशिवाय पोटात काहीच नको. त्यामुळे चांगला मेसेज "फास्टिंग" किंवा "उपवास" न लिहिता सरळ "रात्री साडेआठनंतर पाण्याशिवाय काही नको, चहासुद्धा नको" असं लिहितो. "चहासुद्धा नको" हे वेगळं लिहावंच लागतं, कारण चहा हे खाणं आहे असं इथे कोणी मानतच नाही.

आता एवढे तास का, तर साखरेसाठी आठ तास पुरतात. जेवल्यावर वाढलेली साखर तोपर्यंत खाली येते आणि मग सकाळी मिळतो तो आकडा शरीराचा स्वतःचा असतो. १०० च्या खाली नॉर्मल, १२६ किंवा वर आला तर डायबेटिसचा संशय (पुन्हा तपासून मगच पक्कं करतात), मधला पट्टा प्री-डायबेटिसचा. म्हणजे साखर घातलेल्या एका कपाने माणूस एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जाऊ शकतो. कोलेस्टेरॉलच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड नावाची चरबी मोजतात, ती जेवणानंतर बराच वेळ रक्तात फिरत असते, म्हणून तिथे १०-१२ तास सांगायची पद्धत पडली. अलीकडे बऱ्याच ठिकाणी लिपिडला उपाशीपोटाचा आग्रह धरत नाहीत, पण पॅकेजमध्ये सगळं एकाच वेळी काढायचं असतं म्हणून लॅब सरसकट १०-१२ सांगून मोकळी होते. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी आणि सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यांना मात्र उपाशी राहायची गरज नसते.

खोटं बोललेलं कळतं का? कधीकधी चक्क दिसतं. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली की वर पिवळसर पारदर्शक पाणी सुटतं, ते सीरम. रात्री उशिरा चमचमीत जेवण झालं असेल तर ते दुधासारखं गढूळ दिसू शकतं. तसं काही लोकांच्या रक्तात मुळातच चरबी जास्त असते म्हणूनही होतं, त्यामुळे नीट टेक्निशियन आधी फोन करून विचारतो, काका काल किती वाजता जेवलात?

उलटीकडचीही चूक होते. चेकअप आहे म्हणून संध्याकाळी सहालाच वरण-भात उरकून घेणारे लोक आहेत, मग नंबर लागतो दहाला, म्हणजे सोळा तास झाले. लांब उपाशी राहिलं की काही जणांचं बिलिरुबिन थोडं वाढलेलं येतं आणि मग उगाच काविळीची भीती. आणि पाणीसुद्धा न पिता कोरडं राहणं तर अजिबात नको. पाणी कमी असलं की शीर सापडत नाही, थंडीत तर आणखीच नाही, आणि मग दोन्ही हातांना सुया टोचून घ्याव्या लागतात.

गोळ्यांचं मेसेजमध्ये बहुतेक नसतंच आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आहे. बीपीची गोळी साधारणपणे नेहमीसारखी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घ्यायचं नाही, रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायचं, आणि इन्सुलिनवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर. वाटेत घाम फुटला, हातपाय थरथरले, डोकं हलकं झालं तर फास्टिंग गेलं उडत, आधी साखर तोंडात टाकायची.

आता एक सकाळ पूर्ण बघू. कोथरूडचे एक काका, वय ५८, बीपी आणि शुगर दोन्ही. पॅकेजमध्ये रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, जेवणानंतरची शुगर आणि ट्रेडमिल टेस्ट. मेसेजमध्ये पोचायची वेळ ७:३०. आदल्या रात्री ८:३० ला जेवण आणि रात्रीच्या गोळ्या. सकाळी बीपीची गोळी पाण्याबरोबर, साखरेची गोळी खिशात. ७:३० ला टोकन आणि फॉर्म, ७:५० ला रक्त, म्हणजे उपाशीपोट ११ तास २० मिनिटं, एकदम व्यवस्थित. इथे काकांना वाटलं झालं, आता पोहे. पण नाही, सोनोग्राफी बाकी आहे आणि तीही उपाशीपोटीच लागते, कारण खाल्लं की, दुधाचा चहा घेतला तरी, पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. शिवाय खालचं पोट बघायला लघवी साठलेली लागते. म्हणून रक्त देऊन झालं की तीन-चार ग्लास पाणी प्यायचं आणि धरून बसायचं.

आणि इथेच ती प्रसिद्ध गडबड होते. काउंटरवर आल्याआल्या लघवीची डबी हातात देतात, माणूस आज्ञाधारकपणे जाऊन येतो, लघवीची पिशवी रिकामी, आणि सोनोग्राफीवाले म्हणतात अजून पाणी प्या, तासाने या. म्हणून डबी घेतानाच विचारायचं, आत्ता देऊ का सोनोग्राफीनंतर? साठलेली असेल तर आधी सोनोग्राफी. काकांच्या वयाच्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी डॉक्टर आधी भरलेली पिशवी बघतात, मग "जाऊन या" म्हणतात आणि मागे किती राहिली ते परत बघतात, तर त्या वेळी डबी घेऊनच जायचं, एका फेरीत दोन्ही कामं. सुरुवातीची थोडी सोडून मधली धार घ्यायची. फक्त खूपच पाणी प्यायलं असेल तर नमुना पातळ होतो, तेव्हा लॅबवाले म्हणतील तसं.

तर ८:४५ ला सोनोग्राफी संपली, ९:०० ला नाश्त्याचा पहिला घास आणि खिशातली गोळी. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, शेवटच्या घासापासून नाही, म्हणजे ११:०० ला परत सुई. आणि ही जेवणानंतरची शुगर, म्हणजे पीपी, चांगली यावी म्हणून अर्धी इडली खाऊन थांबायचं नाही, रोज खातो तेवढं खायचं, नाहीतर मोजून उपयोग काय. या दोन तासांत लक्ष्मी रोडला फेरफटका नको, चालून साखर उतरते. ट्रेडमिलही भरल्यापोटी करत नाहीत, खाल्ल्यावर दोन-तीन तास जावे लागतात, म्हणून ती ११ च्या रक्तानंतर. घरी निघायला साडेबारा. मेसेजमध्ये हे कुठेच नसतं! ७:३० वाचून लोक साडेनऊची मीटिंग लावतात आणि मग "किती वेळ अजून" सुरू.

पोचायची वेळ ही रक्त घ्यायची वेळ नसते, त्यात टोकन, फॉर्म, पैसे यांची २०-३० मिनिटं धरलेली असतात. सिंहगड रोडवरून येणाऱ्याने किंवा पेठेत पार्किंग शोधणाऱ्याने आणखी वेळ धरावा. पार्किंगसाठी धावत जिने चढून लगेच बीपी मोजलं तर ते जास्त येणारच, आधी पाच मिनिटं शांत बसू द्या म्हणून सांगायचं.

सोबत न्यायचं फार नाही. ओळखपत्र, जुने रिपोर्ट (मागच्या आकड्याशी तुलना करायला), चालू गोळ्यांची यादी किंवा सरळ स्ट्रिपा, डोळे तपासणार असतील तर चष्मा, ट्रेडमिलसाठी बूट. बाही कोपराच्या वर जाईल असा कपडा. छातीच्या एक्सरेला गळ्यातलं काढावं लागतं, त्यामुळे मंगळसूत्र ठेवायला पर्समध्ये छोटी पिशवी असावी. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर एक्सरेच्या आधी सांगायचं, पाळी चालू असेल तर लघवीची तपासणी पुढे ढकलायची.

हे मेसेज इतके तुटक आणि बरेचदा इंग्रजीत का असतात याचंही कारण आहे. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे "पाणी" हा शब्दच चार अक्षरांचा. मराठीत पूर्ण सूचना लिहिल्या तर चार-पाच एसएमएसचे पैसे पडतात. शिवाय मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात फक्त नाव, तारीख, वेळ बदलते. व्हॉट्सअॅपवर लांबीचा प्रश्न सुटला, पण जुना तुटका मजकूर तसाच उचलून तिकडे चिकटवलेला दिसतो.

मेसेज कधी येतो तेही बघा. रात्री साडेनऊला आलेला रिमाइंडर काय कामाचा, तोवर जेवण आणि वर मस्तानी झालेली असते. संध्याकाळी पाच-सहाची वेळ बरोबर. आणि तो जातो बुकिंग करणाऱ्याच्या नंबरवर. आमच्याकडे हेच झालं, बुकिंग मी हिंजवडीत बसून केलं, मेसेज माझ्या फोनवर, आईबाबा सदाशिव पेठेत, आणि बाबा सकाळी चहा-बिस्किट खाऊन वेळेवर हजर! "मला कोणी सांगितलं नाही" हे अगदी खरं होतं.

असं झालं तर लपवायचं नाही आणि घरीही परत जायचं नाही, काउंटरवर सांगायचं. सीबीसी, एचबीए१सी, ईसीजी, एक्सरे, डोळे हे सगळं त्या दिवशी होऊ शकतं. फास्टिंग शुगर, लिपिड आणि पोटाची सोनोग्राफी तेवढी दुसऱ्या दिवशी. बाबांचं तसंच केलं, रविवारी परत नेलं, या वेळी रात्री आठला मीच फोन करून.