सरासरी २५.९, मध्यक २९, बहुलक ३२: एकाच वर्गाचे तीन निकाल आणि त्यामागचा इतिहास

दहावीच्या एका तुकडीतल्या २१ मुलांनी गणित भाग १ची ४० गुणांची सराव परीक्षा दिली, असं धरू. गुण चढत्या क्रमाने असे आहेत:

२, ३, ५, २२, २४, २५, २६, २७, २८, २८, २९, ३०, ३०, ३१, ३२, ३२, ३२, ३३, ३४, ३५, ३६

बेरीज ५४४, म्हणून सरासरी २५.९. अकरावं मूल बरोबर मधलं, म्हणून मध्यक २९. सगळ्यात जास्त वेळा आलेला गुण ३२, तो बहुलक. तिन्ही आकडे बिनचूक आहेत, तरी मुख्याध्यापकांना कोणता सांगावा हा प्रश्न उरतोच. निकालपत्रकाच्या तळाशी सहसा सरासरी लिहिली जाते. इथे ती लिहिली तर २१ पैकी १५ मुलं ‘वर्गाच्या सरासरीपेक्षा वर’ ठरतात आणि ‘सर्वसाधारण’ म्हणावा असा तो आकडा खालून सहाव्या आणि सातव्या मुलाच्या मध्ये जाऊन बसतो. हे घडतं ते पहिल्या तीन आकड्यांमुळे. त्या तिघांना प्रत्येकी २२ मिळाले असते तर बेरीज ६०० आणि सरासरी २८.६ झाली असती. मध्यक मात्र २९च राहिला असता.

(नावांचा एक घोळ आधी मिटवून टाकू. पाठ्यपुस्तकात सरासरीला ‘मध्य’ म्हणतात आणि मधल्या आकड्याला ‘मध्यक’. ‘मध्य’ म्हणजे मधला असं समजून मुलं उत्तर चुकवतात, यात त्यांचा फारसा दोष नाही. इथे आपण सरासरी, मध्यक आणि बहुलक असंच म्हणू.)

ही तीन परिमाणं पुस्तकात एकाच धड्यात येत असली तरी ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी आली. कोणतं कुठे फसतं, हे त्या मूळ कामांकडे पाहिलं की लक्षात येतं.

सरासरी सर्वांत जुनी, आणि तिचं मूळ काम ‘एकूण’ राखण्याचं. इ.स. ११५०च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी वेड्यावाकड्या खड्ड्याचं घनफळ काढायची रीत दिली आहे: अनेक ठिकाणी मापं घ्या, त्यांची बेरीज करा, जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागा. या आकड्याला ते ‘सममिती’ म्हणतात. त्यांच्या उदाहरणात लांबी १०, ११ आणि १२ हात, रुंदी ६, ५ आणि ७ हात, खोली २, ४ आणि ३ हात आहे. समान मापं ११, ६ आणि ३ हात येतात आणि घनफळ १९८ घनहस्त. खड्डा कुठे उथळ, कुठे खोल, याच्याशी इथे कर्तव्य नाही. एकूण माती किती निघेल तेवढंच हवं आहे. उंचवटे खळग्यात लोटून जमीन सपाट करणं म्हणजे सरासरी. त्यामुळे एखादा खळगा फारच खोल असला तर सगळी पातळी खाली जाते, आणि या कामासाठी ती जायलाच हवी.

युरोपात सरासरीला दुसरं काम मिळालं ते खगोलशास्त्रात. एकाच ताऱ्याचं स्थान चार वेळा मोजलं की चार आकडे येतात. काळजीपूर्वक केलेलं एकच निरीक्षण चांगलं की अनेकांची सरासरी, यावर तेव्हा खरोखरच मतभेद होते. १७५५मध्ये थॉमस सिम्पसनने सरासरीच्या बाजूने गणिती युक्तिवाद मांडला. त्यात एक अट होती: चूक वरच्या आणि खालच्या बाजूला सारख्याच शक्यतेने होते, त्यामुळे बेरजेत चुका एकमेकींना खोडतात. मोजायची खरी गोष्ट एकच आहे, हे तर गृहीतच होतं.

मग १८३५मध्ये बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी ताऱ्यांसाठीची ही रीत माणसांना लावली आणि ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. आमच्या मते निकालपत्रकावरचा गोंधळ इथून सुरू होतो. २१ मुलांचे गुण म्हणजे एकाच खऱ्या गुणाची २१ चुकीची मापं नव्हेत. शिवाय गुण वर-खाली सारखे पसरत नाहीत. २९ मिळवणाऱ्याला वर जायला ११ गुणांचीच जागा आहे, खाली मात्र २९ गुणांची. पेपर सोपा असला की बहुतेक मुलं छताजवळ गोळा होतात आणि घसरण फक्त खालच्या बाजूला उरते. ५ गुणांची भरपाई करायला ५३ गुण मिळवणारं मूल ४०च्या पेपरात असूच शकत नाही. म्हणजे सिम्पसनची अट इथे मुळातच मोडलेली असते.

मध्यकाचा शब्द फ्रेंच गणिती कूर्नो यांच्या लिखाणात १८४३मध्ये आढळतो, पण तो रुळवला इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी. त्यांची अडचण वेगळी होती. माणसांचे काही गुणधर्म मोजता येत नाहीत, पण कोण पुढे आणि कोण मागे एवढं सांगता येतं. १८७५मध्ये त्यांनी सुचवलं की लोकांना क्रमाने उभं करा आणि फक्त मधल्याला मोजा. आपल्या वर्गात हेच करून पाहा: तपासलेल्या २१ उत्तरपत्रिका चढत्या क्रमाने रचा आणि वरून अकरावी काढा. बेरीज नको, भागाकार नको. तळाच्या पत्रिकेवर २ आहे की ०, हे बघावंही लागत नाही. ती तळाशी आहे एवढंच पुरतं. मध्यक टोकाच्या गुणांनी हलत नाही तो यामुळेच.

१९०७मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात गॉल्टननी हा मुद्दा नुकसानभरपाईची रक्कम ठरवणाऱ्या पंचांच्या संदर्भात मांडला. सरासरी घेतली, तर विक्षिप्त माणसाला त्याच्या विक्षिप्तपणाच्या प्रमाणात मताधिकार मिळतो, असं त्यांचं म्हणणं. लगेच पुढच्या लेखात त्यांनी प्लिमथच्या जत्रेतल्या बैलाच्या वजनाच्या पैजेचे ७८७ अंदाज तपासले. मध्यक आला १२०७ पौंड. कापून साफ केलेल्या बैलाचं वजन भरलं ११९८. नंतर कुणी विचारलं म्हणून त्यांनी सरासरीही कळवली, ती ११९७ निघाली! गंमत अशी, की मध्यकाच्या वकिलाच्या उदाहरणात सरासरीच जवळ गेली. त्याचं कारण अवघड नाही. तिथे खरं वजन एकच होतं आणि अंदाज दोन्ही बाजूंना चुकत होते. वर्गाची परिस्थिती ती नव्हे.

बहुलकाला हल्लीचं इंग्रजी नाव १८९५मध्ये कार्ल पिअर्सन यांनी दिलं. त्यांच्या डोक्यात होता हजारो मापांतून निघणाऱ्या गुळगुळीत वक्राचा सर्वोच्च बिंदू. २१ मुलांत असा वक्र नसतो. असते ती योगायोगाची पुनरावृत्ती. फेरतपासणीत ३२ मिळालेल्या एका मुलाचा १ गुण वाढला, तर २८, ३०, ३२ आणि ३३ हे चारही गुण दोन-दोनदा येतात आणि बहुलक एकाचे चार होतात. पिअर्सन यांच्या नावाने शिकवलं जाणारं ‘बहुलक = ३ × मध्यक − २ × सरासरी’ हे सूत्रही इथे पडतं: ८७ − ५१.८ = ३५.२. त्या गुणाच्या आसपास जेमतेम दोन-तीन मुलं आहेत. ते सूत्र वक्र थोडा कललेला असतानाचं अदमासाचं नातं आहे, आणि आपल्या यादीत तर ५ नंतर एकदम २२ येतात. लहान वर्गात बहुलक वापरायचाच असेल तर तो गुणांचा नव्हे, श्रेणींचा सांगावा, किंवा एखाद्या प्रश्नात सर्वाधिक मुलांनी कोणती चूक केली ते सांगायला वापरावा.

मग मध्यक लिहिला की काम झालं का? नाही. आपल्याच यादीत बघा. त्या तीन मुलांसाठी दोन महिने जादा तास घेतले आणि तिघंही २२ वर आली, बाकीच्यांचे गुण तेवढेच राहिले. मध्यक आधीही २९, नंतरही २९. वर्षातलं सर्वांत मोठं काम त्या आकड्यात दिसतच नाही. सरासरी मात्र २५.९ वरून २८.६ वर जाते. टोकाला दाद न देणं हा मध्यकाचा गुण तोच इथे दोष ठरतो. म्हणून मध्यक एकटा लिहू नये. ‘मध्यक २९, १४ पेक्षा कमी गुणांची मुलं ३’ एवढी ओळ पुरते, कारण ३५ टक्के म्हणजे ४० पैकी १४. ती तीन मुलं वगळून उरलेल्यांची सरासरी द्यायचा मोहही होतो. ती २९.७ येते आणि छान दिसते. पण मग ती १८ मुलांची आहे हे त्याच ओळीत लिहावं लागतं, आणि सहसा तेच गळतं.

संगणकावर करताना हे पुरेल:

```
=AVERAGE(B2:B22)
=MEDIAN(B2:B22)
=MODE.MULT(B2:B22)
=COUNTIF(B2:B22,"<14")
```

चूक होते ती गैरहजर मुलांच्या नोंदीत. रकाना रिकामा ठेवला किंवा त्यात ‘गैरहजर’ असं लिहिलं, तर ही सूत्रं तो सोडून देतात. तिथे ० भरलं तर ते गुण म्हणून धरलं जातं. आपल्या वर्गात आणखी दोन मुलं गैरहजर असून त्यांना ० लावलं, तर २३ मुलांची सरासरी २३.७ वर येते आणि मध्यकही २९ वरून २८ होतो. सूत्रांत B22च्या जागी B24 केलं, की शेवटच्या सूत्रात ३ ऐवजी ५ मुलं दिसतात. दोन परीक्षांच्या सरासरीत मोठी तफावत दिसली, की पेपरची काठिण्यपातळी शोधण्याआधी यादीतली शून्यं मोजावीत.

एका ठिकाणी मात्र सरासरीला पर्याय नाही. अ आणि ब तुकडीचा मिळून निकाल हवा असेल, तर दोन सरासऱ्या आणि दोन पटसंख्या यांवरून तो निघतो, कारण बेरजा परत मिळवता येतात. दोन मध्यकांवरून एकत्र मध्यक निघत नाही. त्यासाठी दोन्ही तुकड्यांचे सगळे गुण पुन्हा एका क्रमात लावावे लागतात.