पुरणपोळीनंतर नाडी का धावते?

होळीच्या दिवशी दुपारी सव्वादोनला भाऊजींचा फोन आला. "अरे, मी नुसता खुर्चीत बसलोय आणि हे घड्याळ ८८ दाखवतंय. सकाळी ७० होते. मला काही होतंय का?"

"भाऊजी, किती पोळ्या झाल्या?"

जरा थांबून म्हणाले, "तीन. आणि कटाच्या आमटीबरोबर थोडा भात." त्यांचा 'थोडा' मी ओळखून आहे.

दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा, म्हटलं. ४३ भरले, म्हणजे मिनिटाला ८६. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. ठोके एका लयीत पडत होते. छातीत दुखणं नाही, धाप नाही, घाम नाही. साडेचारला पुन्हा मोजायला सांगितलं, तेव्हा ७४ आले. औषध काही नाही, फक्त मधल्या काळात पोळ्या पुढे सरकल्या होत्या.

हे कसं घडतं, याचं एक ढोबळ गणित मला फार आवडतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झालं जवळजवळ पाच लिटर. आता लहान आतड्याला रक्त पुरवणारी जी मोठी धमनी आहे, तिच्यातून रिकाम्या पोटी मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहतं. भरपेट जेवलं की ती सैल होते आणि हा प्रवाह दुपटीच्या घरात किंवा त्याही पुढे जातो. समजा, तिला ७०० मिलिलिटर जास्तीचं रक्त हवं आहे. एका ठोक्याला ७० या हिशेबाने त्यासाठी दहा जादा ठोके लागतील. प्रत्यक्षात हृदय दर ठोक्याला थोडं जास्त रक्तही ढकलतं आणि शरीर इतर ठिकाणी काटकसर करतं, त्यामुळे आकडा माणसागणिक बदलतो. पण जेवणानंतर पाच ते पंधरा ठोके वाढणं यात नवल वाटण्यासारखं काही नाही. जेवण अवाढव्य असेल, वर चहा झाला असेल, तर थोडे अधिकही.

पण आतड्याला रक्त हवंय हे हृदयाला कळतं कसं? त्याला कोणी निरोप देत नाही. त्याला कळतो तो दाब. मानेत जबड्याच्या कोनाखाली मोठी धमनी दुभंगते, तिथे तिच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. भिंत जितकी ताणली जाते तितके त्यांचे संदेश भराभर मेंदूच्या देठाकडे जातात. आतड्यातल्या वाहिन्या सैल झाल्या की एकूण दाब घसरू लागतो, मानेतली भिंत किंचित सैल पडते आणि संदेश मंदावतात. त्याबरोबर मेंदूचा देठ दोन कामं करतो. व्हेगस नावाची नस एरवी हृदयावर ब्रेकसारखी दाबलेली असते, ती तो सोडतो. आणि दुसऱ्या, सिंपथेटिक नसांकरवी हातापायांतल्या वाहिन्या आवळून हृदयाला जोर लावायला सांगतो. ठोके वाढतात, दाब सावरतो. आपल्याला सगळ्या जेवणभर याचा पत्ताही लागत नाही.

दाब असा सावरलेला असतो म्हणूनच 'जेवल्यावर डोक्यातलं रक्त पोटात उतरतं आणि झोप येते' हे म्हणणं टिकत नाही. मेंदू आपल्या वाट्याचं रक्त सहजासहजी सोडत नाही. दुपारच्या डुलकीची कारणं वेगळी आहेत, पण तो विषय मोठा आहे.

आता पोळीवर आणि भातावरच का घसरायचं? पिठूळ आणि गोड पदार्थ जठरातून तुलनेने लवकर बाहेर पडतात. आतड्यात त्यांची साखर होते आणि ते दाट गोड मिश्रण रक्तातलं पाणीही काही काळ आतड्यात ओढून घेतं. त्यात इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन फक्त साखर आवरतं असं नाही. ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि सिंपथेटिक नसांनाही चाळवतं. म्हाताऱ्या माणसांना ग्लुकोजचं पाणी दिलं तर त्यांचा दाब उतरतो, पण तेवढंच फ्रुक्टोज दिलं तर फारसा उतरत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. दोन्ही साखराच, पण फ्रुक्टोजने इन्सुलिन फार वाढत नाही. शुद्ध गोडाने ठोके अर्ध्या-पाऊण तासात चढतात. पोळीवर तूप असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चढण सौम्य होते पण लांबते. भाऊजींचे ठोके दोन तास रेंगाळले, ते तुपामुळेही असेल.

आर्थर कोका नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५० च्या दशकात असं मांडलं होतं की, एखादा पदार्थ खाऊन नाडी वाढली तर त्या पदार्थाची तुम्हाला ॲलर्जी आहे. ही 'चाचणी' विज्ञानाच्या कसोटीला उतरली नाही, पण रील्सवर अजून फिरते. तिच्या नादाने गहू सोडलेली माणसं मला भेटली आहेत. त्यापेक्षा आपले जुने वैद्य शहाणे. नुकत्याच जेवलेल्या माणसाची नाडी बघू नये, ती नीट कळत नाही, असा त्यांचा संकेत होता.

नाडी वाढणं नेहमीच निरुपद्रवी असतं असं मात्र नाही. बटण दाबल्यासारखी एकदम १५० वर जाऊन तशीच एकदम उतरणारी, लय चुकलेली, किंवा छातीत दुखणं, धाप, भोवळ सोबत आणणारी नाडी जेवणाच्या खात्यावर टाकू नये. स्वस्थ बसूनही १२० च्या वर टिकून राहिली किंवा संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही, तरीही डॉक्टरांना दाखवावं. जठराचं ऑपरेशन झालेल्यांची गोष्टही वेगळी, कारण त्यांचं अन्न आतड्यात धाडकन येऊन पडतं.

गंमत अशी की, त्या घरात खरी काळजी करण्यासारखी नाडी भाऊजींची नव्हतीच. त्यांच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह वीस वर्षांचा. जेवून उठल्या की त्यांना अधूनमधून गरगरायचं आणि सगळे 'पित्त झालंय' म्हणायचे. पुढच्या रविवारी मी तिथे होतो. वरण-भात, शिरा असं जेवण. जेवणाआधी बसून दाब मोजला, वरचा आकडा १४२, नाडी ७४. पाऊण तासाने पुन्हा मोजला तर दाब ११४, नाडी ७६. आतड्याने रक्त मागितलं होतं, दाब उतरला होता आणि हृदय जागचं हललं नव्हतं. मधुमेहाने त्या नसाच बोथट झालेल्या असू शकतात. पार्किन्सनच्या रुग्णांतही असं दिसतं, किंबहुना १९७७ साली ही तक्रार पहिल्यांदा नीट नोंदली गेली ती अशाच एका रुग्णात. जेवणानंतर दोन तासांत वरचा दाब २० किंवा अधिकने उतरला तर त्याला जेवणोत्तर अल्पदाब म्हणतात.

डॉक्टरांनी त्यांच्या दाबाच्या गोळीची वेळ बदलली. जेवणाआधी मोठा पेलाभर पाणी प्यायचं, ताट दोनदा अर्धं-अर्धं वाढायचं, भात कमी करायचा आणि जेवल्यावर लगेच उठायचं नाही, असं सांगितलं. आजी आता जेवल्यावर अर्धा तास दिवाणावर पाय वर करून पडतात. भाऊजी शेजारी बसून आपलं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधतात आणि आकडा वाढतो का बघत राहतात.