आधी माणसं ठरली, मग कायदा झाला

‘त्या देशात कायद्याचं राज्य आहे, तिथे कोणी नियम मोडत नाही,’ असं आपण सहज बोलून जातो. कडक कायदे, मोठ्या शिक्षा आणि शिस्तीत वागणारे लोक दिसले की कायद्याचं राज्य आलं, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. लोक कायदा पाळतात की नाही हा पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ज्यांच्या हातात कायदा करायची ताकद आहे ते स्वतः कायद्याने बांधलेले आहेत का? ते बांधलेले असतील तर ते कायद्याचं राज्य. ते स्वतः मोकळे असतील आणि कायद्याचा दोर फक्त दुसऱ्यांना बांधायला वापरत असतील, तर ते नुसतं कायद्याने हाकलेलं राज्य. पंचाईत अशी, की लांबून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हीकडे संसद असते, छापील कायदे असतात, न्यायाधीश आणि वकीलही असतात.

शाळेतलं उदाहरण घेऊ. सोमवारी एका मुलाने वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात शिट्टी वाजवली. तेव्हा शिट्टीबद्दल काही नियम नव्हता. बुधवारी फलकावर सूचना लागली: ‘सोमवारी व्हरांड्यात ज्याने शिट्टी वाजवली असेल त्याला आठवडाभर मैदान बंद. शिट्टी वाजवली की नाही हे ठरवणारे शिक्षक मुख्याध्यापक निवडतील.’ सूचना लेखी आहे, खाली सही-शिक्का आहे आणि ती अधिकार असलेल्या माणसानेच काढली आहे. तरी वर्गातल्या कोणत्याही मुलाला ती खटकेल, कारण मुलगा आधी ठरला आणि नियम नंतर लिहिला गेला. हेच एका देशाच्या संसदेने केलं होतं, आणि त्यावरचा खटला या विषयातला सर्वात शिकण्यासारखा खटला आहे असं मला वाटतं.

तो देश म्हणजे सिलोन, आजचा श्रीलंका. 27 जानेवारी 1962 च्या रात्री सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचं निवडून आलेलं सरकार उलथवायचं ठरवलं होतं. बेत आधीच फुटला आणि अधिकारी पकडले गेले. गुन्हा गंभीर होता, यात शंका नाही. सरकार त्या वेळी देशात असलेल्या कायद्याने त्यांच्यावर खटला भरू शकलं असतं. सरकारविरुद्ध युद्धाचा कट करणं हा सिलोनच्या दंडसंहितेत आधीपासून गुन्हा होताच.

पण सरकारने वेगळा रस्ता धरला. 13 फेब्रुवारीला त्याने या कटाबद्दल एक श्वेतपत्रिका काढली. तीत कटातल्या प्रमुख संशयितांची नावं होती आणि दोषींना जरब बसेल अशी कडक शिक्षा झाली पाहिजे असंही म्हटलं होतं. खटला अजून उभाही राहिला नव्हता. मार्च 1962 मध्ये संसदेने एक खास फौजदारी कायदा मंजूर केला. त्याची तारीख मात्र मागे नेली: हा कायदा 1 जानेवारी 1962 पासून लागू होता असं मानायचं. म्हणजे जानेवारीच्या शेवटी घडलेली घटना मार्चमध्ये लिहिलेल्या कायद्याखाली आली. याला पूर्वलक्षी कायदा म्हणतात.

या कायद्याने काय काय बदललं ते सावकाश पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. पहिली गोष्ट, गुन्ह्याची व्याख्या रुंद केली. जुन्या व्याख्येत जे कदाचित बसलं नसतं, तेही नव्या व्याख्येत बसू लागलं. दुसरी, शिक्षेचा तळ ठरवला. जुन्या कायद्यात किमान शिक्षा नव्हती. कोणाचा वाटा किती हे पाहून न्यायाधीश कमीजास्त शिक्षा देऊ शकत होते. आता दोषी ठरणाऱ्या प्रत्येकाला किमान दहा वर्षं कैद आणि मालमत्तेची जप्ती सक्तीची झाली. तिसरी, पोलिसांना दिलेली काही निवेदनं पुराव्याच्या जुन्या नियमांप्रमाणे न्यायालयात चालली नसती, तीही आता चालणार होती. चौथी, आरोपींना आधीच कोठडीत डांबलं होतं, तेही मागच्या तारखेने कायदेशीर करून टाकलं. आणि पाचवी, खटला ज्यूरीशिवाय, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांशिवाय, तीन न्यायाधीशांपुढे चालायचा होता आणि ते तीन कोण, हे न्यायमंत्री ठरवणार होते.

शेवटी एक कलम होतं, जे वाचून मी पहिल्यांदा थांबलो. 27 जानेवारी 1962 च्या सुमारास घडलेल्या राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले संपले की हा कायदाही संपेल, अशी त्यात तरतूद होती. त्यासाठी कमीत कमी मुदत घातली होती, पण रोख स्पष्ट होता. किमान शिक्षेची तरतूद खरोखर देशाला हवी होती, तर ती पुढच्या कटवाल्यांसाठीही राहायला हवी होती. ती या एका रात्रीपुरतीच होती. कायद्यात आरोपींची नावं लिहिली नव्हती, पण तारीख लिहिली की नावं लिहायची गरज उरत नाही.

पुढे काय झालं? मंत्र्याने निवडलेले तीन न्यायाधीश बसले. आरोपींच्या वकिलांनी आक्षेप घेतला आणि न्यायाधीशांनी आपल्याच नेमणुकीविरुद्ध निकाल दिला. खटल्यात सरकार एक पक्ष असताना सरकारच्या मंत्र्याने त्या खटल्यापुरते न्यायाधीश निवडणं चालणार नाही, असं त्यांनी म्हटलं. संसदेने मग कायदा दुरुस्त करून निवडीचा अधिकार सरन्यायाधीशांकडे दिला. दुसरं पीठही टिकलं नाही. तिसऱ्या पीठाने खटला पूर्ण केला आणि एप्रिल 1965 मध्ये 24 पैकी 11 आरोपींना दोषी ठरवून प्रत्येकी दहा वर्षांची कैद आणि मालमत्तेची जप्ती सुनावली. शिक्षा सुनावताना त्यांनी निकालपत्रात स्वतःची नाराजीही नोंदवली. कट रचणारे आणि नंतर ओढले गेलेले, यांत आम्हाला फरक करायचा होता, पण या कायद्याने आमचे हात बांधले आहेत; आणि हा बदल नुसता मागच्या तारखेचा नाही, तो याच एका कटापुरता आहे, हा भेदभाव आम्हाला समजत नाही, असा त्यांचा आशय होता.

तेव्हा सिलोनच्या न्यायालयांवरचं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचं. तिथे डिसेंबर 1965 मध्ये निकाल लागला आणि अकराही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला एका आरोपीच्या नावावरून लियानगे खटला म्हणून ओळखला जातो. प्रिव्ही कौन्सिलचं म्हणणं साध्या शब्दांत असं होतं. सिलोनच्या राज्यघटनेप्रमाणे संसदेने सर्वांसाठी नियम करायचा, आणि अमुक माणसाने तो मोडला का आणि त्याला किती शिक्षा, हे न्यायालयाने ठरवायचं. इथे संसदेने ठरावीक माणसं समोर ठेवून त्यांचा गुन्हा, त्यांच्याविरुद्धचा पुरावा आणि त्यांची शिक्षा असं सगळं आखून दिलं. मग न्यायालयाला करायला उरलं काय? असे कायदे चालू दिले तर न्यायाचं काम हळूहळू सगळंच संसदेकडे जाईल. म्हणून कायदा रीतसर मंजूर झालेला असूनही तो टिकला नाही.

इथे मुलं हमखास विचारतात, आणि बरोबर विचारतात: ते तर कटवाले होते, त्यांना का सोडायचं? यावर प्रिव्ही कौन्सिलनेही कट क्षुल्लक होता असं म्हटलं नाही. मुद्दा पद्धतीचा होता. सरकारकडे जुना कायदा आणि नेहमीची न्यायालयं होती. ती वापरून दोषींना शिक्षा देता आली असती. खास कायदा केला म्हणूनच तो खटला शेवटी कोसळला. गुन्हा घडला की ‘यांच्यासाठी एक खास कडक कायदा करा’ अशी मागणी सर्वत्र होते आणि तिला टाळ्याही पडतात. कडकपणा म्हणजेच न्याय, ही समजूत मला अंधश्रद्धेसारखीच वाटते. शिक्षेचा आकडा वाढला म्हणून आरोपी खरा गुन्हेगार आहे हे सिद्ध होत नाही, आणि चुकीच्या माणसाला मिळालेली मोठी शिक्षा ही मोठी चूक असते.

सिलोनचा कायदा ओळखायला सोपा होता, कारण त्यात तारीखच लिहिलेली होती. अवघड उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. वर्णभेदी राजवटीच्या काळात रॉबर्ट सोबुक्वे या नेत्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती आणि ती मे 1963 मध्ये संपत होती. सुटका होण्याआधी संसदेने एका कायद्यात नवं कलम घातलं. काही ठरावीक राजकीय गुन्ह्यांची शिक्षा भोगून झालेल्या कैद्याला मंत्री पुढेही डांबून ठेवू शकेल, असं ते कलम सांगत होतं. त्याची मुदत दरवर्षी वाढवावी लागे आणि दरवर्षी ती वाढवली गेली. कलमाची भाषा सर्वसाधारण होती, ‘कोणताही कैदी’ अशा धाटणीची. प्रत्यक्षात ते एकाच माणसाला लावलं गेलं. सोबुक्वे 1969 पर्यंत रॉबेन बेटावर राहिले, कोणत्याही नव्या गुन्ह्याशिवाय आणि नव्या खटल्याशिवाय. लोक त्या कलमाला ‘सोबुक्वे कलम’च म्हणू लागले. तिथे न्यायालय मध्ये पडू शकलं नाही, कारण त्या देशात संसदेचा शब्द शेवटचा होता आणि तिला अडवणारी राज्यघटना नव्हती.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की कायदा तपासायची रीत हाती येते. नुसता मजकूर वाचून भागत नाही. तो कधी लिहिला, तेव्हा कोण तुरुंगात होतं किंवा सुटणार होतं, तो किती जणांना लागू झाला, आणि त्याविरुद्ध दाद मागायला असा न्यायाधीश होता का ज्याला सरकारने या कामापुरता निवडलेलं नाही, हे पाहावं लागतं.

पण हीच रीत उलट्या बाजूने ताणू नये. ठरावीक गटासाठी वेगळा कायदा असला की तो वाईटच, असं नाही. लहान मुलांसाठी वेगळी न्यायव्यवस्था असते, वाहन चालवायला वयाची अट असते. तिथे गट कारणाने ठरतो आणि उद्या कोणीही त्या गटात येऊ शकतो. ठरावीक माणसांकडे पाहून केलेला किंवा मागच्या तारखेचा प्रत्येक कायदा आपोआप रद्द ठरेल, असं प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटलं नव्हतं. प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर तपासायचं, असंच तिचं म्हणणं होतं. आणि मागच्या तारखेची मनाईही एकाच दिशेने आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं पंधरावं कलम सांगतं, की कृत्य केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता त्यासाठी कोणाला दोषी धरता येणार नाही, आणि तेव्हा होती त्याहून जड शिक्षा देता येणार नाही. मात्र नंतरच्या कायद्याने शिक्षा हलकी केली, तर तो फायदा आधी गुन्हा केलेल्यालाही द्यावा लागतो.