उसन्या शंभर रुपयांची फोड

अर्थसंकल्पाच्या दिवशी लोकसभेतलं भाषण संपलं की कागदपत्रांचा एक गठ्ठा जाहीर होतो. त्यात ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ नावाची एक छोटी पुस्तिका असते आणि तिच्या पहिल्याच तक्त्यात, जमाखर्चाच्या ओळी संपल्यावर तळाशी, तुटींचे आकडे ओळीने दिलेले असतात. मी वाचायला सुरुवात तिथूनच करतो. वरचे आकडे सरकार काय करणार आहे ते सांगतात. त्यासाठी किती पैसा उसना आणावा लागणार आणि तो नेमका कशात जाणार, हे तळाच्या ओळींतून कळतं.

बातम्यांमध्ये मात्र त्यातली एकच ओळ येते, राजकोषीय तुटीची, आणि तीही टक्क्यांत. महसुली तूट आणि प्राथमिक तूट मागे राहतात. या दोन ओळी घेतल्याशिवाय पहिलीचा अर्थ अर्धाच लागतो, असं माझं मत आहे. म्हणून एकाच वर्षाचे आकडे घेऊन बघू. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला गेला, त्यातले हे मूळ अंदाज आहेत.

सरकारचा एकूण खर्च धरला होता ५०.६५ लाख कोटी रुपये. कर, सरकारी कंपन्यांचा आणि रिझर्व्ह बँकेचा लाभांश, वेगवेगळी शुल्कं अशी महसुली जमा ३४.२० लाख कोटी. याशिवाय पूर्वी दिलेल्या कर्जांची वसुली आणि निर्गुंतवणुकीसारख्या मार्गांनी येणारे पैसे मिळून ०.७६ लाख कोटी. ही दुसरी रक्कम उत्पन्न नव्हे, पण ती परतही करायची नसते, म्हणून जमेत धरतात. दोन्ही मिळून झाले ३४.९६ लाख कोटी. खर्चातून ते वजा केले की उरतात १५.६९ लाख कोटी. ही राजकोषीय तूट, देशाच्या सकल उत्पन्नाच्या ४.४ टक्के. या रकमेला कर्जाशिवाय दुसरा वाली नाही. म्हणून वर्षभरात सरकारच्या डोक्यावर नव्याने किती कर्ज चढणार, त्याचा आकडा म्हणजे राजकोषीय तूट.

इथे बरेच जण गोंधळतात. त्याच वर्षी सरकार रोखे विकून बाजारातून १४.८२ लाख कोटी रुपये उचलणार असं जाहीर झालं होतं, आणि लगेच खाली निव्वळ उचल ११.५४ लाख कोटी असल्याचंही लिहिलेलं होतं. मधले ३.२८ लाख कोटी जुन्या रोख्यांची मुदत संपल्यावर मुद्दल परत करण्यासाठी होते. एक रोखा फेडायचा आणि त्याच्या जागी दुसरा विकायचा. यात एकूण कर्ज वाढत नाही, म्हणून ही रक्कम तुटीत मोजत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या लिलावात मात्र विकावे लागतात ते पूर्ण १४.८२ लाख कोटींचे रोखे. ते कोण घेणार आणि किती व्याजाने, ही चिंता मोठ्या आकड्याची असते. तूट तेवढीच राहिली, पण त्या वर्षी पुष्कळ जुने रोखे एकदम मुदतीला आले, तर बाजारावरचा भार वाढलेला दिसतो.

निव्वळ ११.५४ आणि तूट १५.६९, मग उरलेले कुठून? त्यातले सुमारे ३.४३ लाख कोटी अल्पबचतीतून येणार होते. पोस्टाची मुदत ठेव, पीपीएफ, ज्येष्ठ नागरिकांची योजना, सुकन्या समृद्धी यांत आपण ठेवलेला पैसा तुटीच्या हिशेबात येतो तो इथे. बाकीचं छोट्यामोठ्या मार्गांनी.

आता ही १५.६९ लाख कोटींची तूट आपण शंभर रुपये समजू. हे उसने शंभर रुपये दोन निरनिराळ्या रेषांनी कापता येतात. पहिली रेष म्हणजे महसुली तूट.

सरकारचा महसुली खर्च होता ३९.४४ लाख कोटी. पगार, पेन्शन, अनुदानं, व्याज, राज्यांना दिलेली मदत, असा वर्षात होऊन संपणारा खर्च यात येतो. महसुली जमा ३४.२० लाख कोटी. फरक ५.२४ लाख कोटी, ही महसुली तूट. म्हणजे उसन्या शंभरातले साधारण ३३ रुपये चालू खर्चातच गेले, मागे मालमत्ता उरली नाही. उरलेले ६७ रुपये भांडवली खर्चाकडे गेले: रेल्वे, महामार्ग, संरक्षण सामग्री, राज्यांना बांधकामांसाठी दिलेली दीर्घ मुदतीची कर्जं. तो एकूण खर्च ११.२१ लाख कोटींचा होता. त्यातले १०.४५ लाख कोटी उसने आणि ०.७६ लाख कोटी वसुली-निर्गुंतवणुकीचे. बेरीज बरोबर जुळते.

ही रेष उपयोगाची आहे, पण ती आखलेली आहे हिशेबाच्या नियमांनी, आणि म्हणून कुठे कुठे वाकडी जाते. केंद्राने राज्याला रस्त्यासाठी अनुदान दिलं तर रस्ता होतो, पण तो केंद्राच्या मालकीचा नसतो. त्यामुळे केंद्राच्या वहीत तो महसुली खर्च. २०२५-२६ मध्ये अशी अनुदानं ४.२७ लाख कोटींची होती. ती बाजूला काढली की महसुली तूट ५.२४ वरून एक लाख कोटींच्याही खाली येते. तिला ‘प्रभावी महसुली तूट’ म्हणतात आणि ती त्याच तक्त्यात लगेच खालच्या ओळीत असते. दुसरीकडे, शाळेची इमारत भांडवली खर्च आणि शिक्षकाचा पगार महसुली. पगार ‘खाऊन टाकलेला पैसा’ आहे असं या रेषेवरून कुणी म्हणू लागलं, तर ते चूक आहे. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाशिवाय त्या इमारतीला काय किंमत? महसुली तूट खर्चाची लायकी ठरवत नाही. कर्जाच्या बदल्यात सरकारच्या वहीत मालमत्ता आली की नाही, एवढंच ती सांगते.

२००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यात महसुली तूट पूर्णपणे संपवायचं उद्दिष्ट होतं. ते वारंवार पुढे ढकललं गेलं आणि २०१८ मध्ये कायद्यातून काढून टाकलं. वर सांगितलेल्या वाकड्या रेषेमुळे त्याला काही आधार होता हे खरं. तरी तो आकडा उद्दिष्टातून गेला की नजरेतूनही जातो, याची मला खंत वाटते.

दुसरी रेष व्याजाची. २०२५-२६ मध्ये केंद्राला द्यायचं व्याज होतं १२.७६ लाख कोटी. राजकोषीय तुटीतून ते वजा केलं की उरते प्राथमिक तूट, २.९३ लाख कोटी, म्हणजे सकल उत्पन्नाच्या ०.८ टक्के. आपल्या उसन्या शंभर रुपयांपैकी ८१ रुपयांइतकं जुन्या कर्जाचं व्याजच आहे. व्याज नसतं तर सरकारला फक्त १९ रुपये उसने घ्यावे लागले असते.

हे ८१ रुपये आणि आधीचे ३३ रुपये एकत्र मांडायचे नाहीत. तीच भाकरी आधी उभी कापली, आता आडवी कापतोय. पैशाला रंग नसतो, त्यामुळे अमुक नोट व्याजाला गेली आणि तमुक नोट पुलाला, असं दाखवता येत नाही. प्राथमिक तूट वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते: आजवरच्या सरकारांनी करून ठेवलेलं ओझं बाजूला ठेवलं, तर या वर्षीचे निर्णय उत्पन्नात बसतात का? व्याज या वर्षी ठरवता येत नाही, ते दहा-वीस-तीस वर्षांपूर्वीच्या रोख्यांवर छापलेलं असतं. कर आणि बाकीचा खर्च तेवढा हातात असतो. २००७-०८ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट सुमारे अडीच टक्के होती आणि प्राथमिक तूट शून्याखाली होती. व्याज सोडून सगळा खर्च भागून वर पैसे उरले होते. त्या वर्षी घेतलेलं कर्ज सगळं व्याजापायी होतं.

कर्ज हाताबाहेर जातंय का, हे ओळखायलाही हीच तूट लागते. देशाचं उत्पन्न १०० धरू आणि केंद्राचं कर्ज ५७. हे प्रमाण २०२५-२६ च्या वास्तवाच्या जवळ आहे. सरासरी व्याज ७ टक्के समजू. वर्षाचं व्याज झालं ४ आणि प्राथमिक तूट ०.८. वर्षअखेर कर्ज ६१.८. आता महागाईसकट उत्पन्न १० टक्क्यांनी वाढून ११० झालं, तर कर्जाचं प्रमाण ५६.२ वर येतं. कर्ज वाढलं, तरी ओझं हलकं झालं. पण उत्पन्न फक्त ६ टक्क्यांनी वाढलं, तर तेच ६१.८ आता १०६ च्या तुलनेत मोजायचे, आणि प्रमाण ५८.३ होतं. सरकारने एक रुपयाही जास्त उधळलेला नसताना ओझं वाढलं. व्याजदर वाढीच्या दराहून कमी आहे तोवर थोडी प्राथमिक तूट पचते. ते उलटलं की प्राथमिक तूट नुसती शून्यावर आणूनही भागत नाही, वर शिल्लक टाकावी लागते. कर्जाचं हे प्रमाण मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं उद्दिष्ट केंद्राने ठेवलं आहे, आणि म्हणून येत्या वर्षांत प्राथमिक तुटीवर डोळा ठेवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

तिन्ही आकडे एका अटीवर खरे असतात: खर्च वहीत आलेला असला पाहिजे. भारतीय अन्न महामंडळ शेतकऱ्यांकडून धान्य घेतं आणि ते स्वस्तात पुरवतं. मधला फरक सरकारने अनुदान म्हणून भरायचा असतो. बरीच वर्षं सरकारने तो पूर्ण भरला नाही आणि महामंडळ अल्पबचत निधीतून कर्ज काढून वेळ निभावत राहिलं. ज्या अनुदानाने महसुली, राजकोषीय आणि प्राथमिक अशा तिन्ही तुटी वाढल्या असत्या, ते महामंडळाच्या वहीत कर्ज म्हणून पडून राहिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने ही उधारी अर्थसंकल्पात घ्यायचं ठरवलं. २०२०-२१ साठी अन्न अनुदानाचा मूळ अंदाज सुमारे १.१६ लाख कोटी होता, तो सुधारून ४.२३ लाख कोटी झाला. महामारीत वाटलेलं मोफत धान्यही त्यात होतं. त्या वर्षीची राजकोषीय तूट ३.५ टक्के ठरली होती, ती शेवटी ९.२ टक्क्यांवर गेली. उत्पन्न कोसळलं, खर्च वाढला, आणि त्यात मागच्या वर्षांची झाकलेली तूटही एकदम उघड झाली. आधीच्या वर्षांच्या तुटी दिसल्या होत्या त्यापेक्षा मोठ्या होत्या.

हे आधी ओळखता येतं का? बऱ्यापैकी. एखाद्या योजनेचा लाभ वाढतोय, पण तिच्यावरची तरतूद जागच्या जागी आहे, असं दिसलं की बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाटतंय का ते तपासावं. अर्थसंकल्पाच्या खर्चविषयक कागदांत अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जांचं एक स्वतंत्र विवरणपत्र असतं, आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांत राहून गेलेली नावं सापडतात. राज्यांच्या बाबतीत त्यांच्या महामंडळांना दिलेल्या हमींची यादी बघावी. ज्या महामंडळाला स्वतःचं उत्पन्न नाही आणि ज्याचे हप्ते दरवर्षी राज्याच्या तिजोरीतून जातात, त्याचं कर्ज राज्याच्या तुटीत मिळवून मगच टक्केवारी काढावी.