न्यूकॉमच्या ६६ नोंदी आणि ट्युकींचं कुंपण

१८८२ च्या उन्हाळ्यात सायमन न्यूकॉम हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ वॉशिंग्टनमध्ये प्रकाशाचा वेग मोजत होते. पोटोमॅक नदीच्या एका काठावरच्या फोर्ट मायरमधून ते वेगाने फिरणाऱ्या आरशावरून प्रकाश सोडत. तो नदीपलीकडे वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी ठेवलेल्या आरशावर आपटून परत येई. जाऊन-येऊन साधारण साडेसात किलोमीटरचा हा प्रवास. प्रकाशाला त्यासाठी सेकंदाचा सुमारे चाळीस हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात आरसा किंचित फिरलेला असतो, म्हणून परतलेला किरण थोडा बाजूला पडतो. हे सरकणं मोजून न्यूकॉम वेळ काढत.

त्यांच्या ६६ नोंदी आजही संख्याशास्त्राच्या वर्गात वापरल्या जातात. सोयीसाठी त्या एका ठरावीक आकड्यापासूनच्या फरकाच्या रूपात लिहितात: नोंद २८ म्हणजे २४,८२८ नॅनोसेकंद, नोंद १६ म्हणजे २४,८१६ नॅनोसेकंद. जवळजवळ सगळ्या नोंदी १६ ते ४० च्या दरम्यान आहेत. दोन मात्र फटकून आहेत: एक उणे २ आणि दुसरी उणे ४४.

उणे ४४ डोळ्यांनाही खटकते. उणे २ बद्दल मात्र दोन जाणकारांची दोन मतं होऊ शकतात. न्यूकॉमनी उणे ४४ वगळली, उणे २ ठेवली आणि उरलेल्या ६५ नोंदींची सरासरी घेतली. इथे वगळायचं की ठेवायचं हा निर्णय पूर्णपणे माणसाच्या अंदाजावर होता. अंदाजाऐवजी नियम हवा असेल, तर तो कसा असावा?

पहिला सुचणारा नियम म्हणजे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडे जे असेल ते संशयास्पद धरायचं. प्रमाण विचलन म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचं माप. न्यूकॉमच्या ६६ नोंदींची सरासरी २६.२१ आणि प्रमाण विचलन सुमारे १०.७५ येतं. म्हणजे खालची सीमा उणे ६ च्या आसपास पडते. उणे ४४ सीमेबाहेर जाते, पण उणे २ आत राहते. बाकीच्या ६४ नोंदी १६ च्या खाली उतरतच नाहीत, आणि तरीही हा नियम उणे २ ला चालवून घेतो.

असं होतं कारण उणे ४४ स्वतःच मोजपट्टी ताणते. प्रमाण विचलन काढताना प्रत्येक फरकाचा वर्ग करतात, त्यामुळे एकच लांबची नोंद त्याला प्रचंड फुगवते. त्या फुगलेल्या सीमेच्या आड दुसरी संशयास्पद नोंद लपते. संख्याशास्त्रात याला झाकोळणं म्हणतात. नोंदी थोड्या असल्या तर परिस्थिती आणखी बिकट होते. दहा किंवा त्याहून कमी नोंदींत कुठलीही नोंद, कितीही विचित्र असली तरी, सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. नऊ नोंदी १० च्या आणि दहावी दहा लाखांची असली तरी ती पकडली जात नाही. हे गणितानं सिद्ध होतं, आणि तरीही प्रयोगशाळांतल्या पाच-सहा नोंदींवर हा नियम सर्रास लावला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रिन्स्टन विद्यापीठ आणि बेल लॅब्समध्ये काम केलेल्या जॉन ट्युकी यांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी सरासरी आणि प्रमाण विचलन बाजूला ठेवलं आणि नोंदींच्या क्रमावर भर दिला. सगळ्या नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावायच्या. ओळीच्या बरोबर मधली नोंद म्हणजे मध्यक. खालच्या अर्ध्या भागाचा मध्य म्हणजे पहिलं चतुर्थक, वरच्या अर्ध्या भागाचा मध्य म्हणजे तिसरं चतुर्थक. या दोन चतुर्थकांमधलं अंतर म्हणजे आंतरचतुर्थक विस्तार. मधल्या निम्म्या नोंदी किती जागेत मावतात, हे तो सांगतो.

या विस्ताराच्या दीडपट अंतरावर, पहिल्या चतुर्थकाच्या खाली आणि तिसऱ्याच्या वर, ट्युकींनी सीमा आखल्या आणि त्यांना कुंपण म्हटलं. कुंपणाबाहेर जे पडेल त्यावर खूण करायची. तिप्पट अंतरावर दुसरं, बाहेरचं कुंपण असतं. त्याच्याही पलीकडची नोंद फारच दूरची मानली जाते. १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातून ही पद्धत आणि तिच्यावर बेतलेली पेटी-आकृती सगळीकडे पोहोचली. या आकृतीत पहिल्या ते तिसऱ्या चतुर्थकापर्यंत पेटी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रेषा निघतात.

आता न्यूकॉमच्या नोंदींवर हे करून पाहू. ६६ नोंदी ओळीत लावल्या की ३३ वी आणि ३४ वी, दोन्ही २७ येतात. म्हणून मध्यक २७. खालच्या ३३ नोंदींतली मधली म्हणजे १७ वी नोंद, ती २४ आहे. वरच्या ३३ मधली मधली म्हणजे एकूण ओळीतली ५० वी, ती ३१. विस्तार ३१ वजा २४ म्हणजे ७. त्याची दीडपट १०.५. खालचं कुंपण २४ वजा १०.५, म्हणजे १३.५. वरचं कुंपण ३१ अधिक १०.५, म्हणजे ४१.५.

उणे ४४ आणि उणे २, दोन्ही बाहेर. बाहेरचं कुंपण ३ वर पडतं, म्हणजे उणे २ त्याच्याही पलीकडे आहे. १६ आणि ४० या टोकाच्या नोंदी मात्र आतल्या कुंपणातही सुखरूप. पेटी-आकृती काढताना पेटीतून निघणाऱ्या रेषाही १६ आणि ४० वरच थांबवायच्या असतात, कारण त्या कुंपणाच्या आतल्या शेवटच्या प्रत्यक्ष नोंदी आहेत. अनेक जण त्या रेषा थेट १३.५ आणि ४१.५ पर्यंत ओढतात. मग तिथे खरोखर नोंद आहे असा वाचणाऱ्याचा गैरसमज होतो.

या पद्धतीची खरी ताकद पुढच्या पायरीवर दिसते. त्या दोन नोंदी काढून उरलेल्या ६४ वर सगळं पुन्हा मांडलं, तर ट्युकींचं खालचं कुंपण १३.५ वरून १४.७५ वर येतं, जेमतेम हलतं. तीन प्रमाण विचलनांची खालची सीमा मात्र उणे ६ वरून थेट १२.५ वर उडी मारते. चतुर्थकांना उणे ४४ आहे की उणे ४४ हजार, याच्याशी देणंघेणं नसतं. ती नोंद ओळीत पहिली आहे, एवढंच त्यांना कळतं. एकूण नोंदींपैकी जवळजवळ पाव नोंदी एकाच बाजूला बिघडल्या, तरच त्या बाजूचं चतुर्थक वाटेल तिकडे ओढलं जातं.

एक्सेलमध्ये हे करताना छोटा फरक दिसेल. `A1` ते `A66` मध्ये नोंदी असतील तर:

```
=QUARTILE.INC(A1:A66,3)
```

याचं उत्तर ३१ ऐवजी ३०.७५ येतं, कारण हे सूत्र ४९ व्या आणि ५० व्या नोंदीच्या दरम्यान, पाऊण अंतरावरचा बिंदू घेतं. `QUARTILE.EXC` वापरलं तर ३१ येतं. चतुर्थक काढण्याच्या अशा अनेक रूढ रीती आहेत. पहिल्या सूत्रानं वरचं कुंपण ४०.८७५ होतं आणि ४० ही नोंद थोडक्यात आत राहते. नोंदी कमी असतील तर एवढ्याशा फरकानं एखादी नोंद आत-बाहेर होऊ शकते. म्हणून कोणती रीत वापरली ते अहवालात लिहिलेलंच असावं.

दीडपटच का? हे ट्युकींना विचारलं तेव्हा, एकपट फार कमी होते आणि दुप्पट फार जास्त, असं उत्तर त्यांनी दिल्याची आठवण सांगितली जाते. घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणावर हे तपासता येतं. तिथे कुठलीही चूक नसताना दीडपटीच्या कुंपणाबाहेर साधारण ०.७ टक्के नोंदी पडतात, म्हणजे हजारात सात. एकपट घेतली तर ४ टक्क्यांहून जास्त चांगल्या नोंदींवर उगाच संशय येईल. दुप्पट घेतली तर हजारात एकही धड बाहेर पडणार नाही, आणि खऱ्या चुकाही आत निसटतील. यातून आणखी एक गोष्ट कळते: लाखभर नोंदी असतील तर सगळं आलबेल असतानाही शेकडो नोंदींवर खूण होणारच. म्हणून खूण झाली की नोंद चुकीची, असं समजू नये.

उलटही तितकंच खरं आहे. कुंपणाच्या आत असलेली नोंद बरोबरच असते असं नाही, आणि याचाही पुरावा न्यूकॉमच्याच नोंदींत आहे. दोन्ही खटकणाऱ्या नोंदी काढल्यावर सरासरी २७.७५ येते. आज प्रकाशाचा वेग नेमका माहीत आहे. त्यावरून उलट हिशोब केला तर या मोजपट्टीवरचं खरं उत्तर ३३ च्या आसपास यायला हवं. म्हणजे सगळ्या ‘चांगल्या’ नोंदी मिळून एकाच दिशेला सरकलेल्या होत्या. कुंपण नोंदींना एकमेकींशी ताडून पाहतं, त्यामुळे सगळ्याच नोंदींत सारखा शिरलेला दोष त्याला दिसत नाही. त्यासाठी उपकरणच दुसऱ्या एखाद्या खात्रीच्या मापाशी जुळवून पाहावं लागतं.

दुसरी मर्यादा पावसाच्या आकड्यांत ठळक दिसते. वर्षभराच्या ३६५ दिवसांच्या नोंदी घ्या. आपल्याकडे अनेक ठिकाणी वर्षातले तीन चतुर्थांशाहून जास्त दिवस कोरडे जातात. तिथे पहिलं चतुर्थक शून्य, तिसरंही शून्य, विस्तार शून्य आणि दोन्ही कुंपणं शून्यावर. मग जूनमधल्या साध्या सरीवरही खूण होते. फक्त पावसाचे दिवस घेतले तरी अडचण पूर्ण सुटत नाही, कारण थोड्या पावसाचे दिवस पुष्कळ असतात, मुसळधार दिवस थोडे, आणि वितरणाची एक बाजू लांबच लांब जाते. अशा एकतर्फी घसरत्या वितरणाचं साधं गणिती रूप घेतलं, तर चूक नसताना सुमारे ५ टक्के नोंदी वरच्या कुंपणाबाहेर जातात, खालच्या बाजूला एकही नाही. तिथे आधी आकड्यांचा लॉगॅरिदम घेऊन मग कुंपण घालणं जास्त शहाणपणाचं, कारण त्यामुळे लांब बाजू आखडते.

तरीही काही नोंदी कुठल्याही कुंपणाबाहेर जातात आणि खऱ्या असतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी, त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर झाला. ९४४ वर खूण व्हायलाच हवी होती. शेजारच्या केंद्राशी ताडण्याची नेहमीची तपासणी केली असती, तर कुलाब्याच्या आकड्यानं उलट संशयच वाढवला असता. पण विहार तलावाजवळची नोंद सांताक्रूझहूनही मोठी होती आणि उपनगरं पाण्याखाली होती. म्हणून शेजारी निवडतानाही तो त्याच ढगाखाली होता का, हे आधी बघावं लागतं. आणि खूण केलेला आकडा पुसायचा नसतो. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवायची, खूण शेजारच्या वेगळ्या रकान्यात करायची आणि तपासणीत काय आढळलं, ते तिथेच तारखेसह लिहायचं.