ऊसतोडीचा हिशेब

ऊसतोड मजुरांच्या टोळीचा हंगामाअखेरचा हिशेब म्हणजे दसरा-दिवाळीच्या आधी घेतलेली उचल आणि हंगामभर तोडलेल्या उसाची मजुरी यांची वजावट. कारखान्याचे गाळप बंद झाले की 'पट्टा पडला' म्हणतात. मग बीड, जालना, पाथर्डीकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातून, कर्नाटकातून गावी परततात आणि मुकादमाच्या घरी वही उघडते.

हिशेबाचे एकक 'कोयता', म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर दिली जाते. पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराला, त्याच्याकडून मुकादमाला आणि तिथून मजुराला पोहोचतो. उचल फिटते मात्र टनावर. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला व टनामागे सुमारे 366 रुपये झाला. मुकादमाचे कमिशन वेगळे. ते मजुरीच्या टक्केवारीत मिळते आणि मजुराच्या वाट्यातून कापायचे नसते.

समजा, एका कोयत्याने 1,00,000 रुपये उचलले. हंगाम 120 दिवस चालला, पण आजारपण, पाऊस आणि गाडी न आल्याने 15 दिवस वाया गेले. उरलेल्या 105 दिवसांत रोज दोन टन धरले तर 210 टन झाले आणि मजुरी 76,860 रुपये. दर पंधरवड्याला किराण्यासाठी दीड हजार खर्ची घेतली, तिचे आठ वेळचे 12,000 उचलीत मिळवावे लागतात. म्हणजे 1,12,000 वजा 76,860; 35,140 रुपये अंगावर राहिले. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, विकून आलेले पैसे या हिशेबात येत नाहीत, ते आधीच मीठ-मिरचीत गेलेले असतात.

दुष्काळात ऊस कमी असला की पट्टा लवकर पडतो. उचल तेवढीच, दिवस कमी, त्यामुळे कष्टाळू कोयत्याचीही फिटत नाही.

भांडण बहुधा टनावरून होते. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, पावती गाडीवाल्याच्या हाती पडते आणि आकडा मुकादमाच्या वहीत चढतो. मजुराकडे उरते ती आठवण. काही टोळ्यांत एखादा शिकलेला पोरगा खेपांची नोंद वेगळ्या वहीत ठेवतो. दोन वह्या जुळल्या नाहीत तर खेप कोणत्या तारखेची आणि कोणाच्या फडातली ते निघते, नाहीतर मुकादमाचा शब्द अखेरचा. खाड्याचा दंडही इथेच लागतो: एका दिवसाच्या गैरहजेरीला किती कापायचे हे आधी ठरलेले नसेल तर तो हवा तसा वाढतो.

बाकी रोखीने फेडणारे थोडेच. ती पुढच्या उचलीत वळती होते, म्हणजे नव्या हंगामाला हातात येणारी रक्कम तेवढी घटते आणि मुकादम बदलायचा तर नव्याने जुन्याची बाकी आधी भागवावी लागते. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा अशा बांधून ठेवणाऱ्या कर्जाला रद्द ठरवतो. पण व्यवहार खासगी, कित्येकदा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन झालेला. म्हणून पोलिसांत जाणारी तक्रार बऱ्याचदा उलट्या दिशेची असते: उचल घेऊन मजूर पळाल्याची.