सहा रिक्षा, अठरा प्रवासी

कळव्याच्या एका शाळेत दुसरीतली मुलगी तिनाचा पाढा खणखणीत आवाजात म्हणत होती. 'तीन सक अठरा'ला मी तिला थांबवलं आणि विचारलं, "आणि अजून एकदा तीन घेतले तर?" ती क्षणभर गोंधळली आणि पुन्हा 'तीन एके तीन'पासून सुरू झाली.

तिचं पाठांतर कच्चं नव्हतं. पाढा गाण्यासारखा साखळीने लक्षात राहतो, मागची ओळ पुढचीला ओढून आणते. अठरामध्ये तीनचे सहा गट असतात, हे त्या साखळीत कुठेच नसतं.

असंच काहीसं बालवाडीतही घडतं. दहापर्यंत धडाधड म्हणणाऱ्या मुलाला "मला तीन चिंचोके दे" म्हणा, ते मूठभर उचलून देईल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी 1990च्या सुमारास नेमकं हेच तपासलं. आकडे ओळीने म्हणता येणं आणि मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे कळणं, यांत बऱ्याच महिन्यांचं अंतर असतं. सहसा साडेतीन-चार वर्षांच्या आसपास ते उमगतं. ओळखायला सोपं आहे: सात चिंचोके मोजून झाल्यावर "किती?" विचारलं आणि मूल परत एकपासून मोजू लागलं, तर पाढ्याची घाई नको.

त्या मुलीसाठी मी रिकाम्या काडेपेट्या काढल्या. काडेपेटी म्हणजे रिक्षा, चिंचोके म्हणजे प्रवासी, एका रिक्षात तीन. (ठाण्यात चौथा कधी कधी चालकाशेजारी टेकतो, वर्गात मात्र नियम पाळायचा.) सहा रिक्षा भरल्या. तिने एकेका चिंचोक्याला बोट लावत अठरा मोजले. पहिल्यांदा हे चालतं. पण कित्येक वर्ग इथेच अडकून पडतात, मुलं वर्षभर बोट लावतच मोजत राहतात.

म्हणून पुढची पायरी: काडेपेट्या बंद करायच्या. आत तीन आहेत हे माहीत आहे, पण दिसत नाहीत, त्यामुळे बोट लावायला काही उरत नाही. मुलीला तीन, सहा, नऊ असं उड्या मारतच जावं लागलं. बाराला ती अडखळली, तेव्हा एक पेटी उघडून पाहू दिली.

मग पाच पेट्या बाजूला केल्या. पाच रिक्षांत पंधरा, हे तिला लगेच सांगता आलं. सहावी सरकवली, "अठरा." सातवी ठेवली. तिने ती उघडली नाही, बोटंही मोजली नाहीत. "एकवीस."

आता पाढा पाठ करून घ्यायला हरकत नाही, उलट घ्यायलाच हवा. दर वेळी तीन-तीन मिळवत बसलं, तर मोठ्या गुणाकारात हातचा लक्षात ठेवायला डोक्यात जागाच उरत नाही. पण या मुलीला 'तीन साता' आठवलं नाही, तर तिला 'तीन एके'पर्यंत मागे जावं लागणार नाही. पंधरापासून दोन रिक्षा पुढे गेलं की झालं.